माहिती बाहेर गेली, आता ग्राहकांना मेल काय लिहायचा?

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेत संध्याकाळी सहा वाजता गाडीला जागा शोधून तुम्ही वेळेवर आलात, तेव्हा मीही लगेच विषयाला हात घालते. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी स्वतःचा छोटा-मोठा व्यवसाय चालवतात, म्हणजे असा मेल कधीतरी लिहावा लागू शकतो. तो वाचायची वेळ मात्र आपल्या सगळ्यांवरच येते. म्हणून आधी वाचणाऱ्याच्या बाजूने बोलते.

मागे माझ्या सासऱ्यांना एका तपासणी लॅबचा मेल आला. तो जवळपास असा होता: ‘आपल्या माहितीची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे. अलीकडेच आमच्या निदर्शनास आलेल्या एका सुरक्षाविषयक घटनेत काही ग्राहकांच्या मर्यादित माहितीपर्यंत अनधिकृत व्यक्ती पोहोचल्याची शक्यता नाकारता येत नाही. आत्तापर्यंत गैरवापराचा कोणताही पुरावा आढळलेला नाही.’ सासऱ्यांनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मला विचारलं, ‘अगं, म्हणजे माझे रिपोर्ट गेले की नाही गेले?’ मला सांगता येईना, कारण मेलमध्ये ते नव्हतंच. त्यांनी लॅबला फोन लावला. पलीकडच्या मुलीने तोच मेल मोठ्याने वाचून दाखवला. तिच्याकडेही दुसरं काही नव्हतं.

त्यातलं ‘पुरावा आढळलेला नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. त्यावर थोडा जास्त वेळ घेणार आहे, घेऊ द्या.

पुरावा सापडायला तो कुठेतरी नोंदवला गेलेला असावा लागतो. क्लाउडवर फाइली ठेवायची जी सोय आपण वापरतो, तिथे कोणती फाइल कोणी, कधी उतरवून घेतली याची नोंद बहुतेक ठिकाणी आपोआप होत नाही. ती वेगळी चालू करावी लागते आणि ती साठवायचे पैसे पडतात, म्हणून अनेक जण ती बंदच ठेवतात. अशा वेळी ‘पुरावा नाही’ हे वाक्य अक्षरशः खरं असतं आणि त्याचा उपयोग शून्य असतो. दुसरी गोष्ट अशी की गैरवापर तुमच्या सर्व्हरवर होत नाही. तो कोथरूडमधल्या एखाद्या काकांच्या फोनवर होतो, दोन महिन्यांनी. काकांना तो फोन आणि तुमची फाइल यांचा संबंध कधी कळत नाही, आणि ते तुम्हाला कळवत नाहीत. मग पुरावा येणार कुठून? तेव्हा एक तर काय तपासलं ते सांगा: अमुक तारखेपासूनच्या नोंदी आहेत, त्यात हे दिसतं, त्याआधीच्या नोंदी नाहीत. नाहीतर ते वाक्य काढून टाका. वाचणाऱ्याला त्यातून धीर मिळतो आणि तो सावध राहायचं सोडून देतो, हे त्या वाक्याने केलेलं खरं नुकसान.

आता मी स्वतः ज्यात मदत केली, ते एक प्रकरण सांगते. कर्वेनगर भागातला एक घरगुती व्यवसाय आहे. दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतात. इथे आई-वडील ऑर्डर देतात, पार्सल मुलांकडे जातं. दिवाळीच्या गडबडीत कुरिअरवाल्याला दाखवण्यासाठी त्यांच्या मुलाने सगळ्या ऑर्डरींचं एक्सेल क्लाउडवर टाकलं आणि ‘लिंक असेल त्याला उघडेल’ असं ठेवलं. ३ नोव्हेंबरला टाकलं, २१ नोव्हेंबरला एका ग्राहकाने सांगितल्यावर बंद केलं. नोंदी १४ तारखेपासूनच्या होत्या, आणि त्यात अनोळखी ठिकाणांहून दोनदा फाइल उतरवलेली दिसत होती.

त्यांनी मला मेलचा कच्चा मसुदा दाखवला. त्यात ‘मर्यादित माहिती’ होती, आणि शेवटी सल्ला होता: ‘खबरदारी म्हणून आपला पासवर्ड बदलावा.’ मी विचारलं, तुमच्या साइटवर खातं उघडावं लागतं का? नाही म्हणाले, फोन नंबर टाकून ऑर्डर होते. म्हणजे ग्राहकाकडे पासवर्डच नव्हता! कुठल्या तरी दुसऱ्या मेलमधून उचललेला तो सल्ला होता.

मग आम्ही ते एक्सेल उघडलं आणि एकेक रकाना वाचत गेलो. नाव, मोबाइल, इथला पत्ता, परदेशातला पत्ता, पार्सलमध्ये काय, किंमत, तारीख. पेमेंट गेटवेमधून होत असल्यामुळे कार्डाचा नंबर या फाइलीत कधी आलाच नव्हता. इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. शेवटचा रकाना मात्र कोणाच्या लक्षात नव्हता: ‘सूचना’. डबे घ्यायला आणि पोचवायला येणाऱ्या माणसासाठी लोकांनी तिथे मोकळेपणाने लिहिलं होतं. ‘आई एकट्याच असतात, बेल दोनदा वाजवा.’ ‘१० ते २० घरी कोणी नाही, किल्ली समोरच्या जोशीकाकूंकडे.’

पत्ता, मोबाइल आणि ‘आई एकट्याच असतात’ हे एकाच ओळीत. याला ‘मर्यादित माहिती’ म्हणायचं? तुमच्याकडे ग्राहकाला हवं ते लिहिता येईल असा कुठलाही मोकळा रकाना असेल, तर आज घरी गेल्यावर तो आधी वाचून काढा. घोटाळा बहुतेक तिथेच असतो.

यातून मला जे सांगायचं आहे ते असं. जी माहिती गेली, ती हातात असलेला भामटा कोणता फोन करेल, हे आधी बसून ठरवायचं आणि मेलमध्ये तोच फोन लिहायचा. इथे ते उघड होतं. ‘तुमच्या मुलाच्या नावाने अमुक शहरात पाठवलेलं पार्सल कस्टम्सने अडवलंय, त्यात अंमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या, घरात कोणाशी बोलू नका.’ एरवी असा फोन आला तर माणूस ठेवून देतो. पण समोरचा मुलाचं नाव, शहर, पार्सलची तारीख आणि आतल्या चकल्यांचं वजनसुद्धा बरोबर सांगतो, तेव्हा सत्तरीतल्या आईला घाम फुटतो. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हे तिने पेपरात वाचलेलं असलं तरी त्या क्षणी ते आठवत नाही. तिला आधीच कोणीतरी ‘असा फोन येईल’ म्हणून सांगितलेलं हवं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. मेल लिहून दाखवायचं कबूल केलं होतं, तेव्हा आता भराभर घेते. शेवटी गेलेला मेल साधारण असा:

‘विषय: तुमच्या फराळाच्या ऑर्डरची माहिती बाहेर गेली आहे

३ ते २१ नोव्हेंबर या काळात आमच्या ऑर्डरींची एक फाइल इंटरनेटवर उघडी राहिली. ती आम्ही चुकून उघडी ठेवली होती. अनोळखी व्यक्तींनी ती दोनदा उतरवून घेतली आहे. १४ तारखेआधीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत, त्यामुळे आणखीही कोणी घेतली असेल असं धरून चाला.

फाइलीत होतं: तुमचं नाव, मोबाइल, पुण्यातला पत्ता, पार्सल गेलं तो पत्ता, पार्सलमधल्या वस्तू, आणि ऑर्डर देताना तुम्ही “सूचना” मध्ये लिहिलेला मजकूर. फाइलीत नव्हतं: कार्ड, बँक खातं, यूपीआय पिन.

पार्सल कस्टम्समध्ये किंवा पोलिसांकडे अडकल्याचा फोन आला, तर माहिती कितीही बरोबर असली तरी फोन ठेवा आणि मुलांशी बोला. आम्ही कुरिअरचे जास्तीचे पैसे फोनवर कधीच मागत नाही. सूचनेत किल्लीबद्दल लिहिलं असेल, तर किल्लीची जागा बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

फाइल बंद केली आहे. पुढचं कळेल ते ५ डिसेंबरला पुन्हा लिहू. प्रश्न असतील तर ऑर्डरच्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करा.’

‘आम्ही चुकून उघडी ठेवली’ या वाक्यावर घरात बराच वाद झाला. मुलगा म्हणाला, ‘फाइल उघडी राहिली’ एवढंच पुरे. शेवटी आईनेच ठरवलं की कोणी ठेवली ते लिहायचं. मला वाटतं, त्या एका वाक्यामुळे पुढच्या सगळ्यावर लोकांनी विश्वास ठेवला.

मेलमध्ये क्लिक करायची लिंक ठेवली नाही, ते मुद्दाम. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्यांनी मदतीसाठी equifaxsecurity2017.com अशी वेगळीच साइट काढली. एका प्रोग्रॅमरने शब्दांची अदलाबदल करून securityequifax2017.com बनवली, हे किती सोपं आहे ते दाखवायला, आणि इक्विफॅक्सच्या अधिकृत ट्विटर खात्यावरूनच लोकांना त्या नकली साइटचा पत्ता दिला गेला! कंपनीच्याच माणसांना फरक कळला नाही. तुमच्या मेलनंतर दोन दिवसांत त्याची नक्कल फिरणार हे धरून चाला. नेहमीच्याच पत्त्यावरून पाठवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पाठवा, आणि सगळ्यांचे पत्ते बीसीसीमध्ये टाका. ‘टू’ मध्ये टाकलेत तर माहिती दुसऱ्यांदा बाहेर जाते.

कायद्याचं पटकन. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती बाहेर गेल्याचं कळवण्याचा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतो. त्यात बाधित माणसाला विनाविलंब, सोप्या भाषेत सांगायचं आहे: काय झालं, त्याला त्याचा काय त्रास होऊ शकतो, तुम्ही काय केलं, त्याने काय करावं, आणि विचारायचं कोणाला. डेटा संरक्षण मंडळालाही लगेच कळवायचं आणि ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची. कळवलं नाही तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आपल्या फराळाच्या मेलमध्ये या पाचही गोष्टी आहेत, ताडून बघा.

एक राहिलं. ज्यांच्या सूचनेत किल्ली किंवा एकटं राहण्याचा उल्लेख होता, त्यांना फक्त मेल पाठवून भागलं नसतं. ती यादी आम्ही वेगळी काढली आणि मालकीणबाईंनी स्वतः फोन केले, मेल जायच्या आदल्या दिवशी. काही जण रागावले. जोशीकाकूंनी किल्ली आता घेणार नाही म्हणून सांगितलं. मेलचा छापील मसुदा आणि रकाने तपासायचा तक्ता दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा. आता प्रश्न विचारा.