केटामाइनची खुर्ची: कुणाला बसवायचं आणि पुढचे दोन तास काय बघायचं

नमस्कार. मागे पंखा खडखडतोय, तेवढं चालवून घ्या. आमच्या नाशिकच्या जर्नल क्लबमध्ये या गुरुवारी माझी पाळी होती. पेपर होता एलेक्ट-डी, 2023 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये केटामाइन की ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार, एवढाच त्याचा प्रश्न. तिथे जे मांडलं तेच आज कॅमेऱ्यासमोर सांगतो, फक्त सरांच्या टोमण्यांशिवाय.

आधी पेपर, कारण तो थोडक्यात सांगता येतो. 403 रुग्ण. सगळ्यांना डिप्रेशन, पण भास-भ्रम असलेलं कुणी नाही. 200 जणांना केटामाइन, 203 जणांना ईसीटी. केटामाइन शिरेतून, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, 40 मिनिटांत, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. ईसीटी आठवड्यातून तीनदा. रुग्णाने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत गुण निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरले, तर प्रतिसाद मिळाला असं धरलं. केटामाइनच्या गटात 55.4 टक्के, ईसीटीच्या गटात 41.2 टक्के.

हे आकडे ऐकून आमच्या बॅचमधला एक जण म्हणाला, "मग ईसीटीचं मशीन विकून टाकायचं का?" थांबा जरा. पेपरातला रुग्णांचा तक्ता उघडा. ठरलेल्या 203 पैकी ईसीटी प्रत्यक्षात घेतली 170 जणांनी. म्हणजे 33 जण सुरुवातीआधीच निघून गेले. केटामाइनच्या बाजूने गेले फक्त पाच. इथे कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि लोकांना काय हवं होतं ते या दोन आकड्यांत दिसतं. हवी ती गोष्ट मिळालेला माणूस प्रश्नावली जरा उदार हाताने भरतो, हे ओपीडीत बसणाऱ्याला सांगायला नको. शिवाय भास-भ्रमवाले रुग्ण, जिथे ईसीटी खरी चमकते, ते यात नव्हतेच. स्वीडनमध्ये 2022 साली वॉर्डात दाखल असलेल्या 186 रुग्णांवर असाच अभ्यास झाला. तिथे ईसीटी पुढे होती: पूर्ण बरे वाटणारे 63 टक्के, केटामाइनला 46. त्यामुळे माझं मत असं, की एलेक्ट-डीचा निकाल ओपीडीत चालत येणाऱ्या, भास नसलेल्या रुग्णापुरता घ्यावा. आणि तो रुग्ण नेमका कोण, इथेच खरी मेहनत आहे.

एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दिंडोरी तालुक्यातले 48 वर्षांचे द्राक्षबागायतदार. सात महिने मन कशात नाही. ऑक्टोबरची छाटणी त्यांनी केलीच नाही, आणि बागायतदाराने गोडी छाटणी सोडली म्हणजे काय, हे नाशिककरांना मी काय सांगू. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "उपचारांना दाद नाही, केटामाइनसाठी पाठवत आहे."

ही चिठ्ठी खरी मानायची नाही, तपासायची. औषधांना दाद नाही असं म्हणायला किमान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, साधारण सहा आठवडे किंवा जास्त घेतलेली हवीत. आम्ही जुनी पाकिटं आणायला लावली. एस्सिटॅलोप्राम 10 मिलिग्रॅम, तीन आठवडे. मग सर्ट्रालिन 50, मधे मधे बंद. काकूंनी सांगितलं, "बरं वाटलं की सोडायचे, नाही वाटलं की परत चालू." म्हणजे औषधांची खरी परीक्षा झालीच नव्हती. रक्त बघितलं, थायरॉइड ठीक. मग विचारलं, कधी असं झालंय का, की चार-पाच दिवस झोप नाही तरी अंगात उत्साह, पैसा उधळला, बोलणं थांबेना? हा प्रश्न रुग्णाला तर विचाराच, पण घरच्यांना वेगळं बसवून विचारा. बायपोलर निघाला तर सगळं गणितच बदलतं. इथे नव्हता. दारू दिवाळी-लग्नापुरती. भास नाहीत.

मग एस्सिटॅलोप्राम 20 वर नेलं, आठ आठवडे दिलं. फरक नाही. व्हेन्लाफॅक्सिन वाढवत 225 पर्यंत नेलं, पुन्हा आठ आठवडे. झोप थोडी सुधारली, बाकी तेच. पेपरातल्या त्याच प्रश्नावलीत गुण 19. आता म्हणता येईल की औषधांना दाद नाही. चार महिने गेले, कबूल. पण चिठ्ठीवर विश्वास ठेवून थेट ड्रिप लावली असती, तर आम्ही न घेतलेल्या गोळीचा उपचार केटामाइनने केला असता.

या चार महिन्यांत काकूंना एक काम पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: फवारणीची औषधं कुलपात, किल्ली मुलाकडे. पहिला डोस देईपर्यंत आणि नंतरही ते तसंच राहिलं.

पहिल्या सत्राच्या सकाळी बीपी 152/96. आणि सर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कुणी वाढवलं?" मीच. व्हेन्लाफॅक्सिन मोठ्या डोसला बीपी वर नेतं, आणि केटामाइन त्यावर आणखी चढवतं. केटामाइनचाच नाकातून द्यायचा प्रकार म्हणजे एस्केटामाइन, त्याच्या माहितीपत्रकातही 140/90 च्या वर असेल तर फायदा-धोका तोलून ठरवा असंच सांगितलंय. धमनीचा फुगवटा किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर एस्केटामाइन द्यायचंच नाही. ईसीजी, हृदयाचा इतिहास, गर्भ नाही ना, हे सगळं आधीच बघितलेलं असावं. आमच्या काकांना त्या दिवशी परत पाठवलं. ते नाराज झाले, म्हणाले, "एवढ्या लांबून आलो." दहा दिवस बीपीची गोळी दिली. पुढच्या वेळी बीपी 134/84. चला, आता बसा.

आता डोस. इथे हात थरथरू देऊ नका. वजन 70 किलो, म्हणजे 35 मिलिग्रॅम. आमच्याकडची बाटली मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमची. म्हणजे फक्त 0.7 मिली. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये सलाइन घालून एकूण 50 मिली करा, सिरिंज पंप ताशी 75 मिलीवर लावा. 40 मिनिटांत बरोबर संपतं.

एक गोष्ट माझ्यावरच बेतली होती, म्हणून सांगतो. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमचीही बाटली मिळते. तिच्यातून 35 मिलिग्रॅमला 3.5 मिली लागतात. मी एकदा, दुसऱ्या ठिकाणी काम करत असताना, डोक्यात 10 ची बाटली ठेवून हातातल्या 50 च्या बाटलीतून 3.5 मिली भरले. ते होतात 175 मिलिग्रॅम. 70 किलोच्या माणसाला किलोमागे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे भूल देण्याइतका डोस. सिस्टरांनी लेबल मोठ्याने वाचलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी भरतो, दुसरा माणूस बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचतो, मग पंप. आणि उरलेल्या औषधाचं काय? केटामाइन 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये आहे. कुलूपबंद कपाट, रजिस्टर, आणि उरलेलं टाकलं तर आम्ही दोघांच्या सह्या घेतो.

संमतीपत्रात एक वाक्य स्पष्ट घाला: भारतात हे औषध भुलीसाठी मंजूर आहे, डिप्रेशनसाठी आपण मंजुरीबाहेर वापरतोय. काकांनी ते वाचून विचारलं, "म्हणजे माझ्यावर प्रयोग?" रास्त प्रश्न. मी अभ्यासांचे आकडे सांगितले, ईसीटीचा पर्यायही सांगितला, आणि घरी जाऊन विचार करायला दोन दिवस दिले.

(घड्याळ कॅमेऱ्याला दाखवायचं.)

पंप सुरू. खोलीत मंद दिवा, गप्पा नाहीत, ऑक्सिजनची सोय आणि श्वासनलिकेचं साहित्य हाताशी, भूलतज्ज्ञ त्याच मजल्यावर. बीपी, नाडी, ऑक्सिजन दर दहा मिनिटांनी. 20 व्या मिनिटाला काका म्हणाले, "हात माझेच आहेत, पण लांब गेलेत." हे अपेक्षित आहे. त्याला घाबरून रुग्णाला हलवायचं नाही, प्रश्नांचा भडिमार करायचा नाही. "काका, तुम्ही दवाखान्यात आहात, मी इथेच आहे, थोड्या वेळात जाईल." एवढं हळू आवाजात पुरतं. 30 व्या मिनिटाला बीपी 166/98. आम्ही ठरवून ठेवलंय, 180/110 च्या पुढे गेलं तर पंप बंद आणि भूलतज्ज्ञांना हाक. छातीत दुखणं किंवा अचानक जोराची डोकेदुखी आली तर आकडा बघत बसायचं नाही, लगेच बंद. काकांचं त्याआधीच थांबलं. मळमळ झाली, ऑन्डॅन्सेट्रॉन दिलं. 90 व्या मिनिटाला 138/86, पण आम्ही दोन तास पूर्ण झाल्याशिवाय उठू दिलं नाही. नाकातल्या एस्केटामाइनच्या अमेरिकेतल्या नियमातही निदान दोन तास देखरेख आहे.

उठल्यावर पहिलं वाक्य काय असेल? "माझी गाडी बाहेर लावलीय." एवढं सांगूनही काका मोटरसायकलवर आले होते. नियम असा, की रात्रीची झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाडी नाही, ट्रॅक्टर नाही, फवारणीचा पंप नाही. मुलाला फोन केला. तो पिंपळगावहून आला. तोपर्यंत काका बाकावर, किल्ली सिस्टरांच्या ड्रॉवरमध्ये. दुसऱ्या सत्रापासून सोबतचा माणूस दिसल्याशिवाय पंप लावायचा नाही, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन: "डॉक्टरसाहेब, आज स्वतःहून चहा मागितला." आणि इथेच सावध व्हायचं. 2006 सालच्या अमेरिकेतल्या छोट्या अभ्यासात एका ड्रिपनंतर 24 तासांत 71 टक्क्यांना प्रतिसाद मिळाला होता, पण आठवडाभर तो टिकला 35 टक्क्यांतच. आलेली उभारी पाचव्या-सहाव्या दिवशी ओसरते, तेव्हा माणूस आधीपेक्षा निराश होतो, कारण आता आशा दाखवून काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून दोन सत्रांच्या मधल्या दिवशी आम्ही फोन करतो आणि जगावंसं वाटत नाही का, हे सरळ विचारतो. बोलायला आडपडदा नको. प्रत्येक सत्राआधी लघवीला जळजळ, वारंवार जाणं, हेही विचारतो. मूत्राशयाचा त्रास मुख्यतः वारंवार, मोठ्या डोसमध्ये, नशेसाठी घेणाऱ्यांत दिसतो, पण आपण विचारायचं.

सहा सत्रांनंतर गुण 19 वरून 8. निम्म्याच्या खाली आलं, म्हणजे पेपरच्या भाषेत प्रतिसाद. पण बरं म्हणायला पाच किंवा कमी लागतात, तेवढं नाही. तोंडी औषध चालू ठेवलं, बीपीची गोळीही. चौथ्या आठवड्यात गुण 11. आता दर आठवड्याला एक सत्र देत राहायचं, की औषधाला लिथियमची जोड द्यायची, की ईसीटीचं परत बोलायचं? जर्नल क्लबमध्ये यावर अर्धा तास भांडण झालं. मी लिथियमच्या बाजूने होतो, सर दर आठवड्याच्या सत्राच्या. काकांना दोन्ही मांडून दाखवलं. ते म्हणाले, "एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत ड्रिप नको, रक्त तपासून गोळी द्या, बघू." मंगळवारी लिथियमची पहिली पातळी येतेय.