पाच रुपये परत, पण दर तोच

मित्रहो, आज मी मांडणार आहे ती गोष्ट एका वाक्यात सांगता येते: छापील किमतीपेक्षा जास्त आकारणी झाली, तर पैसे परत मागणे पुरेसे नाही, दुकानाच्या बिलातला दरही दुरुस्त करून मागितला पाहिजे. हे मला कळंगुटच्या एका किराणा दुकानात पटले. फळांच्या रसाच्या बाटलीवर सर्व करांसह कमाल किंमत 40 रुपये छापली होती, बिल मात्र 45 रुपयांचे झाले. विचारल्यावर गल्ल्यावरच्या मुलाने सांगितले की हे पाच रुपये फ्रिजमध्ये थंड ठेवण्याचे आहेत, आणि मी हरकत घेताच त्याने मुकाट्याने नाणे काढून दिले. माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी तीच बाटली घेतली आणि त्यांचेही बिल 45 चेच निघाले, कारण दर यंत्रात भरलेला होता. तो मुलगा चांगल्या स्वभावाचा होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण किनारपट्टीवर पर्यटक घाईत असतो, तो पाच रुपयांसाठी थांबत नाही, आणि म्हणूनच असा दर वर्षानुवर्षे टिकतो, याची मला मनापासून चीड येते.

वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीच्या वर विक्री करता येत नाही. त्या किमतीत सर्व कर आलेले असतात, त्यामुळे तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही, आणि थंड करण्याचा खर्चही दुकानदाराला त्या किमतीतूनच भागवावा लागतो. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हॉटेल आणि रेस्टॉरंट यांना हे बंधन लागू होत नाही, कारण तिथे वस्तूबरोबर सेवाही दिली जाते. म्हणून शॅकमधल्या टेबलावरच्या बाटलीची तक्रार या आधारावर टिकत नाही, दुकानातल्या बाटलीची टिकते.

वेळ संपत आली आहे, तेव्हा तक्रारीचा मजकूर भरभर सांगतो. बाटली फेकू नका. किंमत आणि बॅच क्रमांक दिसेल असे छायाचित्र घ्या आणि छापील बिल मागून घ्या, कारण युपीआयच्या नोंदीत फक्त एकूण रक्कम दिसते, वस्तूनिहाय दर दिसत नाही. दुकानमालकाच्या नावे लिहा: बिल क्रमांक व तारीख, छापील किंमत 40, आकारणी 45, फरक 5 रुपये. मग तीन मागण्या करा: फरक परत द्यावा, सुधारित बिल द्यावे, आणि यंत्रातील दर 40 करून तसे लेखी कळवावे. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आले नाही, तर तीच प्रत वजन-मापे खात्याकडे द्या किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे असल्यास दोन वर्षांच्या आत जावे लागते.