पावसाची दुपार आणि अडीच वर्षांचा नातू

नमस्कार श्रोतेहो. दुपारची वेळ आहे, बाहेर पावसाची झड लागली आहे, आणि घरातल्या चिमुकल्याचा डोळा तुमच्या मोबाइलवर आहे. द्यायचा तरी किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्हीचा पडदा नको. त्यापुढे, पाच वर्षांपर्यंत, दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितकं बरं. लक्षात ठेवा, एक तास ही वरची मर्यादा आहे. तो भरून काढायचा कोटा नव्हे.

आता माझ्या नातवाचं सांगते. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. अशीच दुपार, मी त्याला सशाची गोष्ट लावून दिली आणि कपडे वाळत घालायला गेले. गोष्ट संपली, पण मोबाइलने आपणहून दुसरी लावली, मग तिसरी. मी येऊन मोबाइल काढून घेतला तेव्हा ससा नेमका बिळात शिरत होता. पोराने असं भोकाड पसरलं, की शेजारीण दार वाजवत आली! मी म्हटलं, मोबाइलचं वेड, दुसरं काय.

सून घरी आल्यावर हसली. म्हणाली, "आई, तुमच्या मालिकेचा टीव्ही मी मधेच बंद केला तर?" आता मालिका आणि सशाची गोष्ट एकच का? असो. दुसऱ्या दिवशी तिने दोनच गोष्टी केल्या. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढची गोष्ट लावणारा ऑटोप्ले बंद केला, आणि गोष्ट सुरू करण्याआधीच न्हाणीघरात उथळ टबात चार बोटं पाणी, एक गाळणी आणि दोन पेले मांडून ठेवले. ससा घरी पोचला, पडदा थांबला, सून म्हणाली, "चल, पेल्याला अंघोळ घालू." गाळणीत पाणी का राहत नाही, हे बघण्यात त्याने पाऊण तास घालवला. गाळणी उचलायची, पाणी गळून जायचं, "गेलं!" म्हणायचं आणि पुन्हा बुडवायची.

तेव्हा पुन्हा सांगते: ऑटोप्ले बंद, आणि थांबायचं ते गोष्टीच्या शेवटाला. "अजून दोन मिनिटं हं" या वयाला कळत नाही. मिनिट म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसतं, सशाचं घर आलं ते ठाऊक असतं. आणि शेजारी बसून "ससा कुठे गेला?" असं विचारलंत तर उत्तम, कारण पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून ही मुलं जास्त शिकतात. ते बटण दाबलं की किंचाळणारे खेळ मात्र मला मुळीच आवडत नाहीत. त्यात पोर गप्प आणि खेळणंच बोलतं.

टबाबद्दल एक सक्त सूचना. चार बोटं पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फोन वाजला, दार वाजलं, तरी जागचं हलायचं नाही. उठावंच लागलं तर पोराला काखेत घेऊन उठा. आणि खेळ संपला की टब लगेच पालथा करा.