डेटा लीक झाला, आता क्लायंटला माफीचं पत्र कसं लिहायचं? | लातूरच्या एका ऑफिसातली खरी गोष्ट

नमस्कार मंडळी, मी लातुरातून बोलायलोय. आज जरा अवघड विषय आहे. आपल्याकडून लोकांची माहिती बाहेर गेली तर त्यांना पत्र कसं लिहायचं. मागं एका टॅक्सवाल्या सरांच्या ऑफिसात हे झालं आणि पत्र लिहायला मीच बसलो होतो. तारखा-आकडे थोडे बदललेत, नाव सांगणार नाही, ओळखलं तरी कमेंटमध्ये लिहू नका बरं का.

झालं असं, 11 तारखेला सकाळी एका आडत्या काकांचा फोन आला, सर तुमची फी नव्या खात्यावर टाका म्हणून मेल आलाय, पण खातं कुठल्या तरी परराज्यातल्या ब्रँचचं कसं काय? सरांनी असा मेल पाठवलाच नव्हता. मला बोलावलं, मी जीमेल उघडलं, सेटिंगमध्ये `Filters and Blocked Addresses` बघितलं तर दोन फिल्टर. एक असा की अटॅचमेंट असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड, आणि दुसरा असा की ज्या मेलमध्ये account शब्द आहे तो थेट डिलीट, म्हणजे क्लायंटनं मेलवर विचारलं असतं तर सरांना कळलंच नसतं. काकांनी फोन केला म्हणून वाचलो.

आणि हे ध्यानात ठेवा, पासवर्ड बदलला तरी हे फिल्टर जात नाहीत, ते हातानंच काढावे लागतात. काढायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर पुढं पत्रात काय लिहिणार?

आता पत्र. सरांनी पहिला मसुदा स्वतःच लिहिला होता, ''काही तांत्रिक कारणास्तव आमच्या ईमेल प्रणालीत अडचण उद्भवली, आपली माहिती सुरक्षित आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'' मी म्हणलं सर, हे तर नळाला पाणी येणार नाही त्याची सूचना वाटायलीय. गैरसोय कसली, लोकांचे आधार-पॅन गेलेत. आणि ''सुरक्षित आहे'' हे तुम्हाला कशावरून माहीत?

खरा घोळ इथंच असतो, काय माहीत आहे आणि काय नाही. ट्रॅशमध्ये आम्हाला 3 तारखेचा नव्या डिव्हाइसवरून लॉगिन झाल्याचा अलर्ट सापडला, चोरानं डिलीट केलेला. पण जीमेलचा ट्रॅश 30 दिवसांनी आपोआप रिकामा होतो आणि फिल्टर कधी बनला ती तारीख तिथं दिसत नाही. म्हणजे 3 तारखेला तो आत होता हे नक्की, त्याच्या आधी होता का, सांगता येत नाही. मग पत्रातही तसंच लिहायचं.

दुसरं म्हणजे माहितीचे दोन ढीग करा. 3 ते 11 तारखेत ज्यांचे अटॅचमेंटवाले मेल आले ते 23 जण, त्यांची कागदं गेलीच असं धरायचं. बाकीच्या शंभरेक लोकांचे जुने मेल इनबॉक्समध्ये पडलेले होते, चोराकडं पासवर्ड होता म्हणजे तो ते वाचू शकत होता, वाचले का ते माहीत नाही. दोघांना एकच पत्र पाठवलं तर पहिल्यांना धोका कमी वाटतो आणि दुसरे उगंच घाबरतात. म्हणून दोन पत्रं केली. पहिल्या ढिगातल्यांना गेलेलं हे, वाचून दाखवतो:

''नमस्कार. आमच्या ऑफिसचा ईमेल 3 तारखेपासून दुसऱ्या कुणीतरी उघडत होतं. 11 तारखेला दुपारी 1 वाजता आम्ही ते बंद केलं. 3 तारखेआधी काय झालं याचा पुरावा आमच्याकडं नाही. आमच्याकडच्या एका माणसानं खोट्या लिंकवर पासवर्ड टाकला आणि ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं नव्हतं, ही आमची चूक आहे. तुम्ही 6 तारखेला पाठवलेली पॅन, आधार आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत बाहेरच्या माणसाकडं गेली आहे. त्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो.''

बघा, ''तुम्ही 6 तारखेला पाठवलेली'' असं आहे. प्रत्येकाच्या पत्रात त्याची तारीख, त्याचीच कागदं. 23 पत्रं हातानं भरायला संध्याकाळ गेली, पण नंतर ''माझं काय गेलं हो'' म्हणून फोन कमी आले. आणि चूक कुणाची ते पत्रात आलं, पण त्या पोराचं नाव नाही टाकलं. टू-स्टेप लावायचं काम त्याचं थोडंच होतं.

पुढचा भाग, आता तुम्ही काय करायचं:

''आमचं बँक खातं बदललेलं नाही. नव्या खात्यावर पैसे टाकले असतील तर लगेच 1930 ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. तुमच्या नावावर अनोळखी कर्ज दिसतं का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.''

बायोमेट्रिक लॉकचं एक सांगतो, अंगठ्यावर पैसे काढायचा प्रकार त्यानं थांबतो, पण लॉक असताना रेशन दुकानात पण अंगठा लागत नाही, आधी अनलॉक करावं लागतं. हे पत्रात नाही लिहिलं तर महिनाअखेर दुकानासमोर भांडणं होतील आणि शिव्या सरांनाच.

सरकारी बाजू थोडक्यात. सर्ट-इन म्हणजे सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशाप्रमाणं असला प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत incident@cert-in.org.in ला कळवायचं असतं, एकट्याचं ऑफिस असलं तरी. आणि डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, त्यात लोकांना पत्रात काय सांगायचं तेच दिलंय, काय आणि कधी झालं, परिणाम काय होऊ शकतो, आम्ही काय केलं, तुम्ही काय करा, कुणाला फोन करा. हे बंधन नियम आल्यापासून 18 महिन्यांनी लागू होणार असं त्यात आहे, पण साचा म्हणून आत्ताच वापरा की, कोण अडवतंय.

पाठवताना दोन गोष्टी. पत्रात लिंकवर क्लिक करा असं काही टाकू नका, कारण चोर पण असंच पत्र पाठवतो, आणि ज्या मेलवरून खोटं आलं त्याच मेलवरून आलेल्या माफीवर कोण विश्वास ठेवणार? सरांनी कागदावर छापून सही करून पोरांच्या हातानं दिली, बाहेरगावच्यांना आधी फोन, मग व्हॉट्सॲपवर फोटो. दुसऱ्या ढिगातल्यांना मेल करायचं ठरलं, नव्या पत्त्यावरून, तर ऑफिसातल्या ताई सगळ्यांचे आयडी सीसीमध्ये टाकायलेल्या! म्हणजे माफी मागता मागता सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना. वेळेत दिसलं, बीसीसी केलं.

पत्राच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं की 20 तारखेपर्यंत अजून काय कळतंय ते सांगतो. 20 ला खास नवीन काही कळलं नव्हतं. तरी दुसरं पत्र गेलं, चार ओळींचं: नवीन पुरावा नाही, तक्रार नोंदवली आहे, ऑफिसच्या सगळ्या खात्यांना टू-स्टेप लावलं, आणि आधारची प्रत इथून पुढं मेलवर घेणार नाही, ऑफिसात आणून दाखवा.

त्या दिवशी आडत्या काकांचा परत फोन आला. सर जरा घाबरतच उचलायले. काका म्हणले, ''पत्र भेटलं, ते आधार लॉक का काय म्हणलाव, ते मला जमंना, पोराला पाठवा जरा दुकानावर.''