अठ्ठ्याऐंशी नगांचा प्रश्न

(वाळूज येथे लघुउद्योजक आणि त्यांच्या कार्यालयांतील तरुण सहकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. एका ईमेलपासून सुरुवात करतो. हा मेल मी स्वतः लिहिलेला आहे. तेव्हा मी इथंच एका छोट्या मशीन शॉपमध्ये निर्यातीचा पत्रव्यवहार बघायचो. जर्मनीतल्या एका ग्राहकासाठी आम्ही फ्लँज करत होतो. मधला बोअर ४० मिलिमीटरचा. ड्रॉइंगच्या बी आवृत्तीत त्याला एच८ टॉलरन्स होता, म्हणजे ४०.००० ते ४०.०३९ पर्यंत चालत होतं. तीनशे नग तयार होऊन रॅकवर लागले आणि त्याच आठवड्यात सी आवृत्ती आली. टॉलरन्स एच७ झाला. आता वरची मर्यादा ४०.०२५. म्हणजे १४ मायक्रॉनची जागा गेली.

मी मेल लिहिला: ‘डिअर सर, विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल, काइंडली रिव्हर्ट ऑन रेव्ह सी अँड डू द नीडफुल अॅट द अर्लिएस्ट.’ मला त्यात काहीच खटकलं नाही. नम्र होता, व्याकरण बरोबर होतं आणि आमच्याकडं सगळे असंच लिहीत होते.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तिथल्या इंजिनिअरनं लिहिलं होतं की, आम्ही डिझाइन विभागाला विचारलं, पण सी सोडून पुन्हा बी आवृत्तीवर जाणं शक्य नाही, क्षमस्व. मी दोन-तीनदा वाचलं. बीवर परत जा, असं मी कुठं म्हणालो होतो? मग लक्षात आलं, की म्हणालो होतो. ‘रिव्हर्ट’ या शब्दाचा रूढ अर्थच मुळी ‘आधीच्या स्थितीला परत जाणं’ असा आहे. उत्तर देणं हा अर्थ आपल्याकडं रुळलाय, सिंगापूर-मलेशियाकडंही चालतो. पण ज्यानं इंग्रजी दुसरीकडं शिकलंय, त्याच्यासमोर ड्रॉइंगच्या आवृत्तीशेजारी ‘रिव्हर्ट’ आला की तो दुसरं काय समजणार? त्या माणसानं मेल प्रामाणिकपणे वाचला, वरिष्ठांना विचारलं, बैठक घेतली. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात त्याचे नऊ दिवस गेले.

इथं संगणक क्षेत्रातली मुलं बसली आहेत, त्यांना हे लगेच पटेल. त्यांच्याकडं `git revert` ही आज्ञाच आहे आणि ती आधी केलेला बदल उलटवणारी नवी नोंद तयार करते. अशा माणसाला ‘काइंडली रिव्हर्ट ऑन द प्राइस चेंज’ लिहिलं, तर तो उत्तर लिहायच्या आधी किंमत जुन्यावर नेऊन ठेवील. परदेशात बऱ्याच जणांना आता सवयीनं आपला ‘रिव्हर्ट’ कळतो, हेही खरं. पण आवृत्ती, किंमत, सेटिंग, करार असं मागं नेता येणारं काही त्या वाक्यात असेल, तर तिथं हा शब्द ठेवूच नका. ‘रिव्हर्ट बॅक’ तर त्याहून अवघड, त्यात मागं जाणं दोनदा येतं.

पण नुसतं ‘रिव्हर्ट’ काढून ‘रिप्लाय’ लिहिलं असतं, तर काम झालं असतं का? मला वाटतं, नसतं झालं. ‘प्लीज रिप्लाय ऑन रेव्ह सी’ वाचून त्यानं ‘येस, रेव्ह सी इज व्हॅलिड’ एवढंच लिहिलं असतं. चूक शब्दापेक्षा खोल होती. मेलमध्ये प्रश्नच नव्हता.

आता ‘डू द नीडफुल’कडं या. हा प्रयोग चुकीचा इंग्रजी नाही. इंग्रजांच्याच कचेऱ्यांत तो रुळलेला होता. तिकडं मागं पडला, आपल्या फायलींत टिकला. नव्या वाचकाला तो जुनाट वाटतो, पण माझी तक्रार तेवढ्यापुरती नाही. जे करायला हवं ते करा, असं आपण सांगतो आणि काय करायला हवं ते ओळखायचं काम समोरच्यावर टाकतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी ओळखतो, कारण त्याला सगळा संदर्भ माहीत असतो. साडेसहा हजार किलोमीटरवरच्या माणसाच्या डब्यात त्या दिवशी शंभर मेल असतात.

आपण असं का लिहितो? मला यात आळस दिसत नाही, अदब दिसते. मोठ्या माणसाला ‘हे करा’ म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आपण ‘आपण बघून घ्यावं’ म्हणतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, सरकारी कारभार उर्दूत चालायचा आणि उर्दू दरख्वास्तीत शेवटी ‘मुनासिब कार्रवाई’ची विनंती असते. मराठी अर्जात त्याच जागी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’ आहे. इंग्रजी मेलमध्ये ‘डू द नीडफुल’ आहे. भाषा तीन, पण वाक्य एकच. मागणी करणारा स्वतःची मागणी उच्चारत नाही, अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवतो. अर्जात त्याला अर्थ होता, कारण निर्णय खरंच त्या अधिकाऱ्याचा होता. फ्लँजच्या बाबतीत तसं नव्हतं. मला काय हवंय ते मलाच ठरवायचं होतं, आणि ते मी ठरवलंच नव्हतं.

हे मला रॅकपाशी गेल्यावर कळलं. आमच्या तपासनीस काकांनी विचारलं, ‘तुला त्यांना नेमकं काय विचारायचंय?’ मी म्हणालो, या तीनशे नगांचं काय करायचं ते. ते म्हणाले, ‘तीनशेचा प्रश्न कशाला? आधी मोजून तर बघ.’ मग बोअर गेज लावून सगळे तीनशे मोजले. २१२ नग ४०.०२५ च्या आत होते, म्हणजे सी आवृत्तीतही आपोआप बसत होते. ८८ नग त्याच्या वर गेले होते. छिद्र लहान असेल तर रीमर मारून मोठं करता येतं, मोठं झालेलं छिद्र मात्र लहान करता येत नाही. त्यामुळं त्या ८८ नगांची दुरुस्ती आमच्या हातात नव्हती. ते ग्राहकानं आहेत तसे घ्यायचे, नाही तर भंगारात जायचे. म्हणजे सगळ्या पत्रव्यवहारात खरा प्रश्न एवढाच उरला आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत होतं.

दुसरा मेल असा गेला. विषयाच्या ओळीत: ‘फ्लँज रेव्ह सी: कॅन यू यूज ८८ पीसेस? आन्सर नीडेड बाय थर्सडे, १२ जून.’ आणि आत: ‘वी मेझर्ड ऑल ३०० फिनिश्ड फ्लँजेस. २१२ मीट रेव्ह सी. ऑन द अदर ८८, द बोअर इज बिटवीन ४०.०२६ अँड ४०.०३९ मिलिमीटर. कॅन यू यूज दीज ८८ अॅज दे आर? प्लीज लेट मी नो बाय थर्सडे, १२ जून, बिकॉज वी पॅक द शिपमेंट ऑन फ्रायडे.’ मोजमापांची यादी सोबत जोडली.

यात एकही भारी शब्द नाही. ‘काइंडली’ नाही, तरी उद्धटपणा नाही. इंग्रजीत अदब ‘कॅन यू’, ‘कुड यू’ या प्रश्नाच्या रूपात येते. आपणही घरात ‘पाणी द्यावे’ म्हणत नाही, ‘पाणी देता का?’ म्हणतो. नुसतं ‘काइंडली सेंड’ लिहिलं, तर कित्येक वाचकांना ते वरून आलेल्या सूचनेसारखं लागतं, जे आपल्या मनातही नसतं. ‘बिकॉज’नंतरच्या कारणानं तारखेचा रोख मवाळ होतो. शुक्रवारी पेटी बंद होणार आहे म्हणून गुरुवार, हे वाचणाऱ्याला पटतं. ‘अॅट द अर्लिएस्ट’ मध्ये नुसती घाई असते, दिवस नसतो.

तारखेबद्दल एक गोष्ट. महिना अक्षरांत लिहा. ‘१२/६’ आपल्याला बारा जून, अमेरिकेत तोच सहा डिसेंबर होतो. ‘एंड ऑफ डे’ लिहिलं, तर कुणाचा दिवस? उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. आपले दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा तिथं बारा वाजलेले असतात. वेळ महत्त्वाची असेल तर ‘१२ नून, युअर टाइम’ लिहावं.

आणि उत्तर नाहीच आलं तर? आपण जुना मेल पुढं ढकलतो आणि वर ‘जेंटल रिमाइंडर’ लिहितो. त्या माणसाला खाली पाच मेल उतरून प्रश्न शोधावा लागतो. मी आता प्रश्न पुन्हा सगळाच्या सगळा वर लिहितो आणि उत्तर न आल्यास आम्ही काय करू तेही: ‘इफ आय डू नॉट हिअर फ्रॉम यू बाय थर्सडे, वी विल शिप द २१२ अँड होल्ड द ८८ हिअर.’ इथं फार जपून राहायचं. आपल्या हातातली आणि नंतर सुधारता येणारी गोष्टच अशी लिहायची. ‘उत्तर नाही आलं तर ८८ नग मंजूर समजू’ असं कधीही लिहू नका. टॉलरन्सबाहेरच्या नगाला मौनातून मंजुरी मिळत नाही, लेखी परवानगी लागते.

मेल पाठवण्याआधी मी एक करून बघतो. खालचा सगळा जुना पत्रव्यवहार हातानं झाकतो आणि वरचा तेवढाच वाचतो. तेवढ्यावरून उत्तर देता येत नसेल, तर मेल अजून पाठवायचा नाही. आणि ‘नोटेड’ किंवा ‘ओके’ असं उत्तर आलं, तर समजायचं की आपण काही विचारलंच नव्हतं.

सरकारी पत्रात मात्र मी शेवटची ओळ काढत नाही. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ ही तिथली रीत आहे. फक्त तिच्या आधी मागणी स्पष्ट लिहितो: कोणता अर्ज, जावक क्रमांक काय, कोणता दाखला, किती तारखेपर्यंत.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, ‘सर, ग्राहकच आम्हाला काइंडली रिव्हर्ट लिहितो, त्याला काय लिहायचं?’ त्याला दुरुस्त करायला जाऊ नका, ताई. त्याला उत्तर हवंय हे तुम्हाला कळलंय, तर पहिल्याच ओळीत उत्तर द्या. आमच्या जर्मन इंजिनिअरनं तेच केलं. दुसऱ्या मेलला त्याच दिवशी संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: ‘येस, वी कॅन यूज ६१. सी द मार्क्ड लिस्ट. प्लीज स्क्रॅप २७.’ जोडलेल्या यादीत प्रत्येक नगापुढं त्यानं खूण केली होती. २१२ आणि ६१ मिळून २७३ नग शुक्रवारी पेटीत गेले.