कॉन्ट्रॅक्टरने काम अर्धवट सोडलं? नोटिशीआधी घर मोजून घ्या

नमस्कार मंडळी. घर देवगडजवळच्या गावात आणि तुम्ही डोंबिवलीला, असं धरून चला. जुने वासे-रीपा काढून लोखंडी सांगाडा, त्यावर कौलं, शिवाय दोन बाथरूम. ठरले 6 लाख, ॲडव्हान्स गेला 3 लाख 60 हजार. मार्चमध्ये छप्पर उतरवलं, सांगाडा अर्धा उभा राहिला आणि एप्रिलमध्ये माणसं दुसऱ्या साइटवर. फोन केला की, "उद्या येतो."

अशा वेळी लोक थेट नोटीस धाडतात, "माझे 3 लाख 60 हजार परत कर." तो उत्तर देतो, अर्धं काम केलंय, सामान टाकलंय. दुसरा गवंडी लावून तुम्ही काम पुढे नेलं असेल, तर पहिल्याने किती केलं होतं हे दाखवायला जागेवर काही उरत नाही. म्हणून आधी एखादा स्वतंत्र सिव्हिल इंजिनीअर घरी न्या. झालेल्या कामाची मापं, पडलेल्या मालाची यादी, तारखेसह फोटो आणि त्याच्या सहीचा मूल्यांकन अहवाल, एवढं हवं. शेजारचे दोघे साक्षीदार म्हणून सही करायला तयार असतील तर उत्तम. (गावात हे जरा अवघड जातं, कारण कॉन्ट्रॅक्टर बहुतेक कुणाचा तरी भाचा असतो.)

आता आकडा कसा निघतो ते बघा. समजा, इंजिनीअर म्हणाला, मालासकट झालेलं काम 1 लाख 35 हजारांचं. म्हणजे त्याच्याकडे तुमचे 2 लाख 25 हजार जास्तीचे आहेत. उरलेलं काम ठरलेल्या दराने 4 लाख 65 हजारांचं होतं. नवा माणूस त्याचेच 5 लाख 20 हजार मागतो. हा 55 हजारांचा फरकही जुन्याने द्यायचा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 अशा नुकसानीसाठीच आहे. एकूण मागणी झाली 2 लाख 80 हजार. ताळा करून बघा: दिलेले 3 लाख 60 हजार अधिक पुढचे 5 लाख 20 हजार म्हणजे 8 लाख 80 हजार, त्यातून ठरलेले 6 लाख वजा. आकडा तोच येतो.

त्याच कलमात एक अटही आहे. नुकसान वाढू न देण्यासाठी तुम्हाला जे करता येण्यासारखं होतं, ते केलंत का, हे पाहिलं जातं. पावसाआधी उघड्या घरावर ताडपत्री घातलीच नाही आणि मग भिजलेल्या भिंतींचे पैसे मागितले, तर अडचण होते. ताडपत्री घाला, बिल ठेवा आणि तो खर्चही नोटिशीत लावा.

दुसरा सापळा म्हणजे "गणपतीनंतर सुरू करतो." तुम्ही व्हॉट्सॲपवर "बरं, चालेल" लिहून मोकळे होता. त्याच करार कायद्याचं कलम 55 सांगतं की वेळ टळल्यावर तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत आणि त्या वेळी भरपाईचा हक्क राखून ठेवतो असं कळवलं नाहीत, तर उशिराबद्दल नंतर काही मागता येत नाही. म्हणून "चालेल"च्या पुढे एक ओळ जोडा: "उशिरामुळे होणारं नुकसान तुमच्याकडून घेण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे." आणि ते चॅट डिलीट करू नका.

नोटीस दीड-दोन पानांची पुरते. काय ठरलं, कोणत्या तारखेला किती पैसे गेले, काम कधी थांबलं, अहवालातला आकडा, आणि 15 दिवसांत इतकी रक्कम द्या. "तुला तुरुंगात टाकतो" हे लिहू नका. काम सोडून जाणं हा सहसा दिवाणी वाद असतो. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसत असेल, तरच फसवणुकीचा गुन्हा बनतो.

2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. तेव्हा काउंटरवर नोंदणीची सेवा आणि पोच मागून घ्या. त्याच्या घरी आणि ऑफिसच्या पत्त्यावर, दोन्हीकडे पाठवा. पाकीट "घेण्यास नकार" शेरा लागून परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. पत्ता बरोबर असताना घेतलं नाही, तर साधारणपणे नोटीस मिळाली असंच धरतात.

15 दिवसांत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे डोंबिवलीकराला सिंधुदुर्गात खेटे घालायची गरज नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत दिलेला असेल तर फी शून्य. मुदत मात्र वादाचं कारण घडल्यापासून 2 वर्षं, आणि नोटीस पाठवल्याने ती वाढत नाही.

त्याचं उत्तर आलं आणि त्यात "मी 2 लाखांचं काम केलंय" असं लिहिलेलं असेल, तर वाद घालत बसू नका. ॲडव्हान्सचा आकडा त्याने नाकारला नसेल, तर उरलेले 1 लाख 60 हजार स्वतःकडे असल्याचं त्याने लेखी कबूल केल्यासारखंच आहे. ते पत्र अहवालाच्या फायलीत लावा आणि भांडण फक्त फरकाच्या रकमेवर ठेवा.