तोच घड, दोन दर

[दृश्य: भांडी बाजारामागची गल्ली, सकाळ. जिना. टेबलावर मॉनिटर आणि पेन टॅब्लेट.]

नाशिकच्या भांडी बाजारामागे, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर फोटो दुरुस्तीचं काम चालतं. काम करणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे ताई म्हणतात, आम्हीही ताईच म्हणू. खराब झालेले, फाटलेले, डाग पडलेले फोटो त्यांच्याकडे येतात. पण आम्ही कॅमेरा घेऊन गेलो ते त्यांनी एका गिऱ्हाइकाला लिहिलेल्या दरपत्रासाठी.

[दृश्य: स्क्रीनवर मूळ फोटो.]

हे नाना. निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. काढणीच्या दिवसांत आपल्याच बागेत, मांडवाखाली उभे आहेत. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावण्यासाठी घरच्यांनी हाच फोटो निवडला, कारण यात नाना आपसूक हसलेत. अडचण एवढीच, की फोटोत दोन घड मधे आलेत. एक खांद्याजवळ, पानांच्या पुढे. दुसरा थेट चेहऱ्यावर. या दुसऱ्या घडाखाली नानांच्या डाव्या बाजूचा ओठाचा कोपरा, अर्धी मिशी आणि हनुवटीचा डावा भाग झाकला गेलाय.

ताईंनी दर कळवला. खांद्याजवळचा घड काढायचे 400 रुपये. चेहऱ्यावरचा काढायचे 3,500. मुलाचा फोन आला: "ताई, फोटो एकच, घडही सारखेच. मग एकाला जवळजवळ नऊपट पैसे कसे?" त्याला फोनवर समजावून भागलं असतं. ताईंनी पत्र लिहिलं.

[दृश्य: पत्राचं पहिलं पान. मजकुरावरून कॅमेरा हळूहळू खाली.]

"सप्रेम नमस्कार. तुम्ही विचारलंत ते रास्त आहे. घड पुसायला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. खर्च येतो तो घड गेल्यावर पडणारी जागा भरायला. खांद्याजवळच्या घडामागे पानं आहेत. आजूबाजूलाही पानंच आहेत. त्यातली चार पानं उचलून तिथे बसवली तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण तिथे नेमकं कोणतं पान होतं हे कुणी ओळखत नाही. चेहऱ्यावरच्या घडामागे मात्र नानांचा ओठ आहे. तो शेजारून उचलता येत नाही."

[दृश्य: स्क्रीन. खांद्याजवळच्या घडाभोवती निवड, पुढच्या क्षणी तिथे पानं.]

पहिलं काम आमच्या डोळ्यांसमोर झालं. ताईंनी घडाभोवती रेघ मारली, आजूबाजूचं बघून जागा आपोआप भरणारं कंटेंट-अवेअर फिल वापरलं, दोन ठिकाणी पान पुन्हा पुन्हा तेच दिसत होतं ते एका जागेचा तुकडा दुसरीकडे उमटवणाऱ्या क्लोन स्टॅम्पने मोडलं. आम्ही ट्रायपॉड नीट लावेपर्यंत संपलंसुद्धा.

मग त्यांनी हीच युक्ती चेहऱ्यावर करून दाखवली, मुद्दाम आमच्यासाठी.

[दृश्य: चेहऱ्यावर तेच साधन. परिणाम जवळून.]

हे बघा. सॉफ्टवेअरने गालाची कातडी उचलून ओठाच्या जागी भरली. मिशी मधेच थांबली. घडाच्या जागी काय असायला हवं होतं ते फोटोत कुठेच नाही. कॅमेऱ्यापर्यंत प्रकाश पोचला तो घडावरून, ओठावरून पोचलाच नाही. ही माहिती या फाइलमध्ये नाही, ती बाहेरून आणावी लागते. पत्राचं दुसरं पान याच आणण्याबद्दल आहे, आणि आमच्या मते प्रत्येक फोटो स्टुडिओच्या काउंटरवर लावावं असं ते पान आहे.

बरेच जण विचारतात, डावी बाजू झाकली असेल तर उजवी उलटी करून लावता येणार नाही का? पत्रात त्याचं उत्तर आहे:

"नानांचा चेहरा थोडा वळलेला आहे, म्हणून दोन बाजूंची रुंदीच सारखी नाही. शिवाय ऊन त्यांच्या उजवीकडून येतंय. उजवी बाजू उजळ, डावी सावलीत. उजवी उलटवून लावली तर सावलीतल्या गालाखाली उजळ हनुवटी येईल. आणि त्यांची मिशी दोन्हीकडे सारखी नव्हती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

[दृश्य: टेबलावर चार फोटो, एकापुढे एक.]

म्हणून ताईंनी घरच्यांकडे नानांचे आणखी फोटो मागितले, आणि चार आले. आधार कार्डावरचा फोटो लहान आणि समोरून काढलेला होता, ओठांची रुंदी ताडून बघण्यापुरता उपयोगी. पुतणीच्या लग्नातल्या फोटोत नाना फेटा बांधून मोठ्याने हसताहेत, त्यामुळे ओठ ताणलेले आणि फ्लॅशने चेहरा सपाट झालेला. तिसरा तरुणपणीचा, मिशी काळी, हनुवटी वेगळी. चौथा मात्र कामाचा निघाला. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा करताना काढलेला, दोनच वर्षं आधीचा. मान त्याच बाजूला वळलेली, तोंड मिटलेलं, ओठांवर हसू, ऊनही उजवीकडून. फरक इतकाच की हे ऊन मोकळ्या अंगणातलं, कडक आहे. मांडवाखालचा उजेड पानांतून गाळून येतो, मऊ असतो.

ताई म्हणतात, अर्धा दर या टेबलावरच खर्च होतो. इथे चुकीचा फोटो निवडला तर पुढचं सगळं सफाईदार काम दुसऱ्याच माणसाचा चेहरा तयार करतं.

[दृश्य: स्क्रीन. दसऱ्याचा फोटो अर्धपारदर्शक होऊन मूळ फोटोवर सरकतो.]

दसऱ्याचा फोटो निम्मा पारदर्शक करून मूळ फोटोवर ठेवला. डोळ्यांचे कोपरे आणि नाकपुडीची कड, या खुणा एकमेकींवर बसेपर्यंत तो फिरवला, लहान केला, किंचित ताणला. मग फक्त झाकलेल्या भागापुरता ठेवून बाकीचा लपवला. ओठ जागेवर आला, पण सावली काळी पडली होती. वेगळ्या लेयरवर ती हलक्या हाताने उजळत नेली, मांडवाखालच्या उजेडाशी जुळेपर्यंत.

इथे ताईंनी एक गोष्ट दाखवली जी आम्हाला आधी दिसलीच नव्हती. घड गेला होता, पण गालावर त्याचा हिरवटपणा राहिला होता.

[दृश्य: गालाचा भाग मोठा करून. हिरवी छटा हळूहळू जाते.]

द्राक्षातून आरपार येणारा उजेड हिरवा होऊन कातडीवर पडतो. घड काढून ही छटा तशीच ठेवली, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाल आजारी वाटतो. घडाची सावली मानेवरही होती. वस्तू चेहऱ्याला नुसती झाकत नाही, झाकल्या भागाच्या बाहेरही तिचा रंग आणि सावली सांडलेली असते. पत्रात यासाठी वेगळी ओळ आहे.

आणि आता मिशी.

[दृश्य: पेनाचं टोक, टॅब्लेट. स्क्रीनवर एकेक केस. हा भाग संथ ठेवावा.]

आधी करड्या रंगाचा एक पुसट आकार. त्यावर दोन पिक्सेलच्या ब्रशने केस. काही पांढरे, काही राखी, मुळाशी गडद, टोकाला बारीक. नाकाखाली केस सरळ खाली उतरतात, ओठाच्या कोपऱ्याकडे बाहेर वळतात. सगळे एकाच दिशेने काढले तर मिशी चिकटवल्यासारखी दिसते. हनुवटीवर दोन दिवसांची पांढरी खुंटं होती, तीही एकेक करून. शेवटी मूळ फोटोत जो बारीक रवाळपणा आहे तेवढाच नव्या भागावर टाकला, कारण हाताने रंगवलेली कातडी नेहमी जास्त गुळगुळीत दिसते. एखाद्या दुरुस्त फोटोत चेहऱ्याचा एकच तुकडा मेणासारखा दिसत असेल, तर ही पायरी राहिली आहे असं समजावं.

[दृश्य: ताई फोटो उलटा करतात. वर हनुवटी, खाली कपाळ.]

काम करता करता ताई फोटो असा डोक्यावर उभा करतात. 1980 साली पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोत डोळे आणि तोंड तेवढं उलटं बसवलं. फोटो डोक्यावर उभा असला तर चेहरा बराचसा ठीक वाटतो. सरळ केला की भयानक दिसतो. उलट्या चेहऱ्यातल्या चुका आपल्याला फारशा कळत नाहीत, सरळ चेहऱ्यातल्या लगेच टोचतात. उलट्या फोटोत ताईंना नानांच्या चेहऱ्याचा विसर पडतो आणि नुसते आकार, उजेड, कडा दिसतात. जोड उलट्या फोटोत तपासायचा, माणूस सरळ फोटोत.

तरी शेवटची तपासणी घरच्यांचीच. पत्रातलं वाक्य असं आहे: "मी नानांना कधी पाहिलेलं नाही. म्हणून दोन वेळा फेरबदल दरात धरले आहेत. फोटो आईंना दाखवा. काय चुकलं ते त्यांना सांगता आलं नाही तरी चालेल, 'हे आमचे वाटत नाहीत' एवढं म्हणाल्या तरी मी कुठे बघायचं ते शोधीन."

[दृश्य: पत्राचं शेवटचं पान.]

शेवटच्या पानावर अटी आहेत. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलची लांब बाजू 1,600 पिक्सेल होती, त्यात नानांचा चेहरा 380 पिक्सेल उंच. भिंतीवरच्या 12 बाय 18 इंचांच्या प्रिंटमध्ये चेहरा सात इंच येणार, म्हणजे इंचाला जेमतेम 54 पिक्सेल. तेवढ्यात मिशीचे केस काढायला जागाच नाही. म्हणून मोबाइलमधली मूळ फाइल मागितली. तिची लांब बाजू 4,000 पिक्सेलची निघाली, चेहरा 950. इंचाला 135, भिंतीवर लांबून बघायला पुरेसे. मूळ फाइल नसती तर ताईंनी लहान प्रिंट सुचवली असती, आणि जुळणारा दुसरा फोटो नसता तर काम घेतलंच नसतं. तसं त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

आणखी एक अट: "नाकाखालचा डावा भाग दुसऱ्या फोटोवरून बसवलेला आणि हाताने काढलेला असेल. तो भिंतीसाठी आहे. ओळखपत्र, वारसाची कागदपत्रं किंवा कोर्टाच्या कामाला हा फोटो वापरू नये. मूळ फाइल तशीच्या तशी परत देत आहे, ती जपून ठेवा."

[दृश्य: मोबाइलवर पहिली प्रत. एक बोट मिशीच्या टोकावर.]

आईंनी पहिल्याच प्रतीवर मिशीच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं. ते टोक थोडं खाली झुकायचं. ताईंनी ते झुकवलं, आणि दुसरी प्रत मान्य झाली. बिल 3,900 रुपयांचंच आलं, पत्रात लिहिलं होतं तेवढं. फेरबदलाचे वेगळे पैसे लागले नाहीत.